बाय, तिकीट काढण्याआधी

माझी चुलत बहीण न्यू जर्सीत राहते. घरात तिला सगळे 'बाय' म्हणतात. जानेवारीत एके रात्री तिचा निरोप आला : "दादा, गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला होते. दर वर्षी अकरा दिवस अलीकडे येतात ना? म्हणजे यंदा १६ ऑगस्टच्या सुमारास. १२ तारखेला मुंबईत उतरणारी तिकिटं बरी दिसतायत. काढू का?"

तिचं गणित चुकलेलं नव्हतं. बारा चांद्रमासांचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, त्यामुळे इंग्रजी तारखेने पाहिलं तर आपले सण दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतात. २०२३ साली गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२४ साली ७ सप्टेंबरला, २०२५ साली २७ ऑगस्टला. हीच पायरी उतरत गेली तर वीसेक वर्षांत गणपती थंडीत बसतील. तसं होऊ नये म्हणून अधूनमधून एक महिना वर्षात जास्तीचा धरतात. ज्या चांद्रमासात सूर्य एक रास सोडून दुसरीत जातच नाही, तो अधिक मास. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. त्याच्या पुढचे सगळे सण त्यामुळे एकदम मागे ढकलले गेले आणि चतुर्थी आली १४ सप्टेंबरला, सोमवारी. १२ ऑगस्टला बाय उतरली असती तर तिला आषाढातली अमावस्या भेटली असती. गटारी साजरी करायची असेल तर तारीख उत्तम, असं मी तिला कळवलं.

खरं तर फक्त '१४ सप्टेंबर' एवढं लिहून मोकळं होता आलं असतं. पण परदेशातल्या माणसाला सणाची तारीख कळवणं आणि प्रवासाच्या तारखा सुचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला आधीच्या एका फजितीवरून ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी आमचा एक आतेभाऊ चतुर्थी बघून आला, पाच दिवस धरून परतीचं तिकीट काढून आला, आणि ज्या दिवसासाठी आला होता त्याच दिवशी सकाळी बॅग उचलून चालता झाला. त्याने गणपती पाहिले. गौर पाहिली ती फक्त दारात येताना.

आमचं मूळ घर चिपळूण तालुक्यात. तिथे चतुर्थीला गणपती बसतात, आरत्या होतात, जाखडीवाले येऊन अंगण दणाणून सोडतात. पण घर भरतं ते गौरीला. पहिल्या दिवशी बायका पाणवठ्यावरून तेरड्याची रोपं आणतात, तीच गौर. तिला उंबऱ्यावरून आत घेतात, घरभर फिरवतात, घावन-घाटल्याचा नैवेद्य दाखवतात. दुसऱ्या दिवशी पूजन, आणि तोच आमच्या घरचा मुख्य दिवस. लग्न होऊन गेलेल्या मुली त्या दिवशी माहेरी असतात, ओवशाची सुपं मांडली जातात, रात्रभर फेर धरले जातात. तिसऱ्या दिवशी गौर आणि गणपती एकत्र निघतात. देशावरच्या एखाद्या घरात हाच मुख्य दिवस पुरणपोळी आणि सोळा भाज्यांचा असेल, एखाद्या घरात दीड दिवसाचा गणपतीच काय तो सण असेल, आणि पुण्या-मुंबईतल्या मंडळाच्या कार्यकर्त्याला विचाराल तर तो अनंत चतुर्दशीपलीकडे काही सांगणार नाही. म्हणून पाहुण्याने 'गणपती कधी?' असं विचारलं, की त्याला आधी उलट विचारायचं : तुला कोणता दिवस हवाय?

बायला हवी होती गौर. आणि गौरीची खोड अशी की ती गणपतीच्या तारखेला बांधलेली नाही. 'गणपतीनंतर तिसऱ्या दिवशी गौर' असं सर्रास म्हटलं जातं, पण मागची चार वर्षं बघा. २०२३ साली चतुर्थी १९ सप्टेंबरला आणि गौर २१ ला, म्हणजे दोनच दिवसांनी. २०२४ साली ७ ला चतुर्थी, १० ला गौर : तीन दिवस. २०२५ साली २७ ऑगस्टला चतुर्थी आणि ३१ ला गौर : चार दिवस. २०२६ साली पुन्हा तीन, १४ आणि १७ सप्टेंबर. गौरीबरोबर जाणारा आमचा 'पाच दिवसांचा' गणपती त्यामुळे २०२३ साली खरोखर पाच दिवसांचा होता, २०२५ साली सात दिवसांचा झाला आणि २०२६ साली सहा दिवसांचा आहे. आतेभावाची गाडी चुकली ती या 'पाच' शब्दावर विसंबून.

असं का होतं, हे एकदा ध्यानात आलं की विसरत नाही. चतुर्थी ही तिथी. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून किती पुढे गेला त्याचं माप. दर बारा अंशांना एक तिथी. सूर्य कुठेही असो, त्याच्यापासून चंद्र ३६ अंश पुढे गेला की शुद्ध चतुर्थी लागली. गौरीचं तसं नाही. ती नक्षत्रावर येते : अनुराधा नक्षत्रात आवाहन, ज्येष्ठात पूजन, मूळ नक्षत्रात विसर्जन. म्हणूनच तिला ज्येष्ठा गौरी म्हणतात. नक्षत्र म्हणजे आकाशातली ठरलेली जागा. सूर्य पुढे असो की मागे, अनुराधा जिथल्या तिथे.

आता सूर्य ताऱ्यांमधून रोज साधारण एक अंश पुढे सरकतो. चतुर्थी ऑगस्टअखेर आली तर सूर्य अजून मागे असतो, आणि त्याच्यापासून मोजलेला चतुर्थीचा चंद्रही मागेच. तिथून अनुराधेपर्यंत पोचायला त्याला जास्त वाट चालावी लागते. चंद्र दिवसाला सुमारे एक नक्षत्र ओलांडतो, त्यामुळे तीन-चार दिवस जातात. चतुर्थी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली तर सूर्य पुढे गेलेला, चंद्र अनुराधेच्या जवळ, दोन दिवसांत गौर दारात. गणपती जितके लवकर, गौर तितकी मागाहून. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण 'गणपती घाईत आले की गवर दमाने येते' असं ती म्हणायची. आम्हाला ते उगाच जोडलेलं वाक्य वाटायचं.

बायचा पुढचा गोंधळ तिच्या मोबाइलमधल्या पंचांगाचा होता. गेल्या वर्षी तिला त्यात गणेश चतुर्थी २६ ऑगस्टला दिसली होती आणि आम्ही २७ ला बसवला. तिला वाटलं, कुणीतरी चुकलं. कुणीच चुकलं नव्हतं. गणेश चतुर्थीला सूर्योदयाची तिथी धरत नाहीत, मध्यान्हाची धरतात. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे पाच सारखे भाग केले, की मधला भाग म्हणजे मध्यान्ह. कोकणात त्या दिवसांत तो साधारण सव्वाअकरा ते पावणेदोन असा पडतो. २०२५ साली चतुर्थी आपल्याकडे २६ ऑगस्टला दुपारी दोनच्या सुमारास लागली आणि २७ ला दुपारी पावणेचारच्या आसपास संपली. आपल्या मध्यान्हाला ती सापडली २७ लाच. पण न्यू जर्सीचं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे. तिथे हीच चतुर्थी २६ ला पहाटे साडेचारच्या सुमारास लागून २७ ला सकाळी सव्वासहाच्या आसपास संपली, म्हणजे तिथल्या मध्यान्हाला ती फक्त २६ ला होती. तिथे घरी गणपती बसवणाऱ्याला २६ तारीख बरोबर. चिपळूणला येणाऱ्याला ती निरुपयोगी. ॲप जिथे आपण असू त्या गावाचं पंचांग दाखवतं, जिथे जायचंय तिथलं नाही.

२०२६ साली आणखी एक मजा आहे. १४ सप्टेंबरच्या सूर्योदयाला तृतीया आहे, ती सातनंतर संपते. चतुर्थी तिथून १५ च्या सकाळपर्यंत, म्हणजे १५ च्या सूर्योदयाला चतुर्थीच. नुसती तिथीची रांग बघणारा माणूस १५ म्हणेल. मध्यान्ह बघणारा १४ म्हणेल, आणि गणपती १४ लाच.

हे सगळं डोक्यात ठेवून मी पत्र लिहिलं. निरोपांच्या तुकड्यांत तारखा हरवतात, म्हणून मुद्दाम सलग लिहिलं. त्यातला कामाचा भाग असा :

"प्रिय बाय,

१२ ऑगस्टचं विसर. यंदा गणपती १४ सप्टेंबर, सोमवार. गौर गुरुवारी १७ ला येईल, पूजन शुक्रवारी १८ ला, आणि शनिवारी १९ ला दोघांना पोचवायचं. तुझा दिवस १८. बाकी सगळं त्याच्या अलीकडे-पलीकडे मोजायचं. मोबाइलमधल्या पंचांगात आधी शहर बदल, चिपळूण नसेल तर मुंबई घाल. तुझ्याकडच्या घड्याळाने गौर कदाचित एक दिवस आधी दिसेल, त्यावर तिकीट काढू नकोस.

तुझी अडचण मला कळते. ७ सप्टेंबरला तुमचा लेबर डे, त्याच सुमारास पिल्लाची शाळा सुरू होणार. ऑगस्टमध्ये गणपती असते तर प्रश्नच नव्हता. म्हणून दोन बेत करून पाहिले.

पहिला बेत सगळं काही बघायचा. ७ ला संध्याकाळी निघालीस तर ८ ला रात्री मुंबई. गुरुवारी १० तारखेला गावी. हे असं लवकर यासाठी, की चतुर्थी सोमवारी आहे आणि शुक्रवार ११ पासून रविवारपर्यंत अख्खी मुंबई कोकणात निघणार. त्या तीन दिवसांत महामार्गावर लहान मूल घेऊन निघणं म्हणजे शिक्षा. गाडीत आरक्षणाशिवाय पाय ठेवायला जागा नसते, जादा गाड्या सोडल्या तरी त्याही भरतात. या बेतात पिल्लाची शाळेचे पहिलेच दोन आठवडे बुडतात. बाई काय म्हणतील ते तू बघ.

दुसरा बेत मला जास्त पटतो. शनिवारी १२ ला संध्याकाळी निघ. १३ ला रात्री उशिरा उतरशील. १४ ला डोंबिवलीला काकूकडे झोप काढ, तिच्याकडेही दीड दिवसाचा गणपती असतो, म्हणजे आरती आणि मोदक चुकणार नाहीत. मंगळवारी १५ ला दिवसाच्या गाडीने चिपळूण. त्या दिवशी कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांचा जोर ओसरलेला असतो, कारण जाणारे सगळे आधीच पोचलेले. १६ चा दिवस झोपेचं गणित जुळवायला. १७, १८, १९ गौर. तुझा चुकेल तो फक्त आपल्या घरच्या प्रतिष्ठापनेचा दिवस. तुला एकच दिवस निवडायचा झाला तर तू १४ निवडशील की १८, ते तुझं तूच ठरव. मी पैजेवर सांगतो.

परतीला मात्र घाई करू नकोस. १९ ला विसर्जन झालं की २० चा रविवार परत फिरणाऱ्यांचा. तू सोमवारी २१ ला निघ, २२ मुंबईत खरेदीला ठेव, आणि २२ ची रात्र ओलांडून जे विमान असेल ते घे. त्याच्या तिकिटावर २३ तारीख असेल, लक्षात ठेव. २५ ला अनंत चतुर्दशी, त्या दिवशी विमानतळ गाठायची वेळ कुणावर येऊ नये. या बेतात शाळेचे सात-आठ दिवस बुडतील. २१ ला योम किप्पुर आहे, पिल्लाच्या शाळेला सुट्टी असेल तर एक दिवस आणखी वाचला. त्यांचंही पंचांग आपल्यासारखंच चंद्र-सूर्य दोघांना सांभाळणारं, अधिक महिना घेणारं. कधी शेजाऱ्यांना विचार.

मध्यरात्रीच्या तारखांचं पुन्हा सांगतो, कारण आपल्या घरात यावर दोन वेळा घोळ झालाय. विमान १४ ला रात्री दीडला उतरत असेल तर तुला घ्यायला आम्ही १३ च्या रात्री निघायचं. गाडीचंही तसंच. तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. १५ तारखेचं तिकीट असेल तर स्टेशनवर जायचं १४ च्या रात्री. १५ च्या रात्री जेवून निवांत पोचणाऱ्याला गाडी चोवीस तास आधीच गेलेली असते. म्हणून तुझ्यासाठी दिवसाचीच गाडी बघतोय. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेग कमी ठेवते, तासभर इकडेतिकडे धरूनच चाल.

गाडीचं आरक्षण तू करू नकोस, माझ्याकडे ठेव. पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. १५ सप्टेंबरच्या गाडीचं १७ जुलैला, २१ च्या परतीचं २३ जुलैला, सकाळी आठ वाजता. तुझ्याकडे तेव्हा आदल्या रात्रीचे साडेदहा असतील आणि पिल्लू झोपवता झोपवता तू पेंगत असशील. जाण्याचं मिळेल. येण्याचं अवघड आहे, गौरी गेल्यावर सगळेच परततात. नाही मिळालं तर २१ ला पहाटे गाडी करून निघू, म्हणूनच २२ चा दिवस मोकळा ठेवलाय. विमानाचं तिकीट आत्ता काढलंस तरी चालेल, फक्त तारीख बदलता येईल असं घे. पिल्लाचा पासपोर्ट अमेरिकेचा, त्याच्या ओसीआयचे कागद आजच बघ, ते आठवड्यात होत नाहीत.

आणि एक गोष्ट, जी वाचून तू खट्टू होशील. वहिनीचा पहिला ओवसा बघायचा म्हणून तू यंदाच यायचं ठरवलंस, असं काकूने सांगितलं. तो यंदा होणार नाही. आपल्या वाडीत नव्या सुनेचा पहिला ओवसा सूर्य पूर्वा नक्षत्रात असताना गौर आली तरच होतो. पूर्वा म्हणजे साधारण ३० ऑगस्ट ते १३ सप्टेंबर, ते पावसाचं नक्षत्र. यंदा गौर १७ ला, तोवर उत्तरा लागलेलं. बाकीच्या सगळ्यांचे ओवसे होतील, वहिनीचा थांबेल. २०२७ साली गणपती ४ सप्टेंबरला आहेत, गौर त्यानंतर तीन-चार दिवसांनी, म्हणजे पूर्वेत. पहिला ओवसा तेव्हा. सगळ्या गावांत हा नियम नाही, तुझ्या सासरी बहुतेक नसेल, पण आपल्याकडे आजी असती तर तिने तो मोडू दिला नसता आणि आई तिच्याहून कडक आहे.

तेव्हा आता ठरव. ओवसाच बघायचा तर पुढच्या वर्षी ये. गौर बघायची तर यंदा १२ सप्टेंबरला निघ. यंदाची गणपतीची पाळी धाकट्या काकांची आहे, म्हणजे मुक्काम त्यांच्या पडवीकडच्या खोल्यांत. पिल्लासाठी मच्छरदाणी मी आणतो.

तुझा दादा"

पत्र पाठवून चार दिवस झाले तरी उत्तर नव्हतं. मला वाटलं, ओवशाचं वाचून तिने बेतच रद्द केला असणार. आईने तर, कळवायची एवढी काय घाई होती, असं मलाच सुनावलं. पाचव्या दिवशी सकाळी मोबाइलवर तिकिटाचं चित्र आलं : १२ सप्टेंबर, शनिवार, माणसं दोन. परतीची तारीख २३, आणि तिच्यापुढे कंसात तिने स्वतः लिहिलेलं, '२२ च्या रात्री निघायचं'. खाली एक ओळ : "वहिनीला सांग, ओवशाला पुढच्या वर्षी पुन्हा येते. आणि दादा, २३ जुलैला सकाळी आठला तू जागा राहा."